हप्त्यातील व्याज आणि मुद्दल

दुकानासाठी 20 लाखांचे कर्ज, दरसाल 9 टक्के व्याज, मुदत 20 वर्षे. मासिक हप्ता सुमारे 17,995 रुपये. पाच वर्षे नियमित हप्ते भरूनही मुद्दल जेमतेम सव्वादोन लाखांनी उतरलेले पाहून पुष्कळांना हिशेबाविषयी शंका येते.

वस्तुतः व्याज दरमहा शिल्लक मुद्दलावर आकारले जाते. पहिल्या महिन्याचे व्याजच 15,000 रुपये. म्हणून मुद्दलात 2,995 रुपयेच जमा होतात. पुढील महिन्यात व्याज सुमारे 22 रुपयांनी घटते आणि तेवढाच मुद्दलाचा वाटा वाढतो. या संथ गतीने मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा होण्यास बारा वर्षांहून अधिक काळ लागतो.

म्हणूनच आरंभीच एक लाख जादा भरून हप्ता तोच ठेवल्यास शेवटचे सुमारे 30 हप्ते वाचतात.