घरघर काढताना निषाद वाचवा

जुन्या मैफलीच्या कॅसेटवर गाण्याखाली अखंड ‘हूंऽऽ’ ऐकू येतो, तो बहुतेकदा अर्थिंगच्या वेटोळ्यातून आलेला असतो. मिक्सर एका प्लगवर, टेपरेकॉर्डर दुसऱ्या. दोघांना अर्थिंग आहेच, शिवाय मधली ऑडिओ केबलही त्यांना जोडते. दोन अर्थिंगमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असला की केबलच्या जाळीतून करंट वाहतो आणि विजेचे 50 हर्ट्झ मुद्रणात उतरतात. सोबत 100, 150, 250 अशा पटीही येतात. लहान स्पीकरवर 50 ऐकूही येत नाही. कानाला टोचतात त्या या पटीच.

उपाय नॉच फिल्टरचा. तो ठरलेल्या कंपनसंख्येवर अरुंद खाच पाडतो. मात्र थेट 50 आकडा टाकून चालत नाही. त्या काळी आपली वीज 50 वर स्थिर नसे आणि कॅसेटचा वेगही नेमका नसतो. म्हणून गाणे सुरू होण्याआधीची दहा सेकंदांची शांतता निवडून तिचा स्पेक्ट्रम पाहावा. समजा, मूळ घरघर 50.4 वर सापडली. मग दहावी पट 504 वर असणार. तिथे 500 धरून दोन हर्ट्झ रुंदीची खाच पाडली, तर घरघर तशीच राहते.

फिल्टरमधला Q म्हणजे कंपनसंख्या भागिले खाचेची रुंदी. 50 वर दोन हर्ट्झची खाच हवी तर Q 25. हाच 25 जर 1000 वर ठेवला, तर खाच 40 हर्ट्झ रुंद होते आणि आवाज पोकळ होतो. वरच्या पटींना Q त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. पण खाच फार अरुंद केली, तर तबल्याच्या थापेनंतर फिल्टर स्वतःच घुमत राहतो. दोन हर्ट्झच्या खाचेत ही घूम साधारण सेकंदभरात विरते, पाव हर्ट्झच्या खाचेत कित्येक सेकंद रेंगाळते.

खरी अडचण सुरांची आहे. काळी एकच्या षड्जाची कंपनसंख्या सुमारे 138.6, त्याचा कोमल निषाद 249.5 च्या आसपास, म्हणजे पाचव्या पटीच्या अगदी शेजारी. टेप वेगात फिरली, तर दोघेही सोबतच वर सरकतात. गायकाने निषादावर ठेहराव घेतला की खाच त्याचा पायाच काढून घेते. सूर ओळखू येतो, पण पातळ होतो. अशा जागी ती पट पूर्ण न कापता आठ-दहा डेसिबलने खाली आणावी. थोडी घरघर राहिलेली मला पातळ निषादापेक्षा परवडते.

तपासणी सोपी आहे. मूळ मुद्रणातून साफ केलेले मुद्रण वजा करा आणि उरलेले ऐका. त्यात फक्त घरघर असावी. गाणे ऐकू आले, तर खाचा रुंद झाल्या आहेत. आणि मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका.