बारा हजारांच्या पोटात काय असतं?

महिन्याच्या 7 तारखेनंतर दोन-तीन दिवसांत निवृत्त शिक्षिकेच्या बँक खात्यात 12,000 रुपये जमा होतात. पासबुकात म्युच्युअल फंडाचं नाव आणि रक्कम, एवढंच दिसतं. महिन्याच्या महिन्याला येणारी ठरलेली रक्कम म्हटली की आपल्याकडे ती व्याज वाटते. एसडब्ल्यूपीतून येणारा पैसा मात्र व्याज नसतो. तो त्यांच्याच युनिटांच्या विक्रीचा असतो.

समजा, त्यांनी शेअरवर भर असलेल्या फंडात 20 लाख रुपये 40 रुपयांच्या एनएव्हीने गुंतवले. युनिट मिळाले 50,000 (मुद्रांक शुल्काची किरकोळ रक्कम इथे बाजूला ठेवू). वर्ष उलटल्यावर एसडब्ल्यूपी सुरू झाली, तेव्हा एनएव्ही होती 50. मग 12,000 रुपयांसाठी 240 युनिट विकले गेले. त्यांची खरेदी किंमत 9,600, म्हणजे नफा फक्त 2,400. हप्त्याचा मोठा भाग त्यांचं स्वतःचं मुद्दलच होतं.

बाजार कोसळून एनएव्ही 37.50 झाली तरी खात्यात 12,000च येतात. पण त्यासाठी आता 320 युनिट जातात, आणि ते मुळात 12,800 रुपयांना घेतलेले होते. हप्ता आला, पण 800 रुपये तोटा सोसून! पासबुकाला याचा पत्ताही नसतो. एसडब्ल्यूपीतला खरा धोका इथेच आहे. पडत्या बाजारात दरमहा 80 युनिट जास्त गेले, तर पुढे बाजार सावरल्यावर वाढायला तेवढे कमी युनिट उरतात.

कर मोजताना ही विभागणी कामी येते. पहिल्या हप्त्यात करासाठी धरायचे ते 2,400, पूर्ण 12,000 नव्हे. शेअर फंडात वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या युनिटांच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, तोही वर्षभरातला असा सगळा नफा सव्वा लाखाच्या वर गेला तरच. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा मात्र नेहमीच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे करपात्र होतो. पैसे वेगवेगळ्या वेळी गुंतवले असतील, तर सर्वांत जुने युनिट आधी विकले गेले असं धरतात.

कधी 12,000ऐवजी 11,999.88 जमा झालेले दिसतात. ते 12 पैसे शेअर फंडाच्या विक्रीवरचा एसटीटी. 11,880 आले, तर बहुधा एक टक्का एक्झिट लोड लागलेला असतो. अनेक शेअर फंडांत पहिल्या वर्षाच्या आत विकलेल्या युनिटांवर तो कापतात. निवासी भारतीयांच्या हप्त्यातून टीडीएस कापला जात नाही, अनिवासींच्या नफ्यावर कापला जातो.

हा सगळा तपशील कॅम्स किंवा केफिनटेकच्या विवरणात असतो: त्या दिवशीची एनएव्ही, विकलेले युनिट आणि शिल्लक युनिट. शिक्षिकेच्या विवरणात पहिल्या हप्त्यानंतर 49,760 युनिट उरलेले दिसतील. विवरणपत्र भरताना भांडवली नफ्याचं वेगळं विवरण तिथूनच मागवता येतं. त्यात प्रत्येक हप्त्याची खरेदी किंमत आणि नफा-तोटा मांडलेला असतो.