वाटीभर वरणात डाळ किती?

जिमला जाणारा मुलगा पावडरीचा डबा मागू लागला की आम्ही आधी त्या घरचं वरण बघतो. उत्तर नागपूरच्या वस्त्यांत फिरताना बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. पाच माणसांना दीडशे ग्रॅम तुरीची डाळ, तीही पाणी घालून दोन वेळा पुरवलेली. कच्च्या शंभर ग्रॅम डाळीत बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे एका वेळच्या वाटीत जेमतेम ३ ग्रॅम आली. वाटी भरलेली दिसते, पण भरलेलं असतं पाणी. म्हणून डाळ मोजायची ती कच्ची, माणशी एका जेवणाला ४० ग्रॅम. आपली मूठ किती भरते ते एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर बघून घ्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या मुलाला पन्नास. व्यायाम करतो म्हणून आपण साठ धरू. याच संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रोटीन पावडर टाळायला सांगितलं आहे.

आता त्याचा दिवस मांडू. सकाळी दोन उकडलेली अंडी, १२ ग्रॅम. सोबत ३० ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ, ७. दुपारी ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण ९, तीन पोळ्या ९ आणि वाटीभर दही ४. रात्री ५० ग्रॅम पनीरची भाजी ९, दोन पोळ्या ६, थोडा भात ४. झाले साठ. पोळी-भात यात मोजायचेच, कारण डाळीत जे कमी असतं ते धान्यात मिळतं आणि धान्यातली उणीव डाळ भरून काढते. वर्षावासात अंडी बंद असतील तर सकाळी अंड्यांच्या जागी ७० ग्रॅम पनीर घ्यावं.

अंड्याचं पिवळं फेकण्याची फॅशन आली आहे. त्यात जवळजवळ निम्मी प्रथिनं जातात. कच्चं अंडं दुधात फेटून पिणंही नको; शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं अंगाला जास्त लागतात, आणि कच्च्यातून जुलाब-उलट्यांचा धोका वेगळाच.

मोड आल्याने प्रथिनं वाढत नाहीत. वाढतं ते पाण्याचं वजन, म्हणून मूगही कोरडेच मोजा. मोडांमुळे पचायला मात्र सोपं जातं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बांधलेलं फडकं दिवसभर विसरलात तर मूग बुळबुळीत होतात, आंबूस वास येतो. ते धुऊन वापरू नका, टाकून द्या. चांगले मोडही वाफवूनच खावेत.

किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा क्रिएटिनिन वाढलेल्यांनी हा हिशेब स्वतःला लावू नये. त्यांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.