आठव्या आठवड्याचा अहवाल

बी.एड. करणारी छात्राध्यापिका आपल्या वर्गात येते तेव्हा मुलांना एक नवी मॅडम मिळते आणि आम्हा शाळेतल्या शिक्षकांना एक जबाबदारी मिळते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतली आंतरवासिता एकूण किमान २० आठवड्यांची झाली. त्यातले चार आठवडे पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या वर्षी. या सोळा आठवड्यांत ती शाळेच्या एका शिक्षकाच्या हाताखाली असते. त्याला मार्गदर्शक शिक्षक म्हणतात. मी गणित शिकवते आणि गेली काही वर्षं हे काम करते आहे.

शेवटी गुण द्यायचे असतात, त्याची चर्चा पुष्कळ होते. मला इथे सांगायचं आहे ते मधल्या अहवालाबद्दल. आठ आठवडे संपलेले असतात, आठ उरलेले असतात. शेवटच्या अहवालात लिहिलेली चूक सुधारायला तिच्याकडे वर्गच उरत नाही, ती शाळा सोडून गेलेली असते. मधल्या अहवालात लिहिलेली चूक सोमवारी सकाळी सुधारता येते. म्हणून मी या अहवालाला शेवटच्यापेक्षा जास्त वेळ देते.

माझे पहिले अहवाल मी कपाटात जपून ठेवले आहेत. त्यांत लिहिलं आहे : ‘विषयज्ञान उत्तम. फलकलेखन चांगले. वर्गनियंत्रण समाधानकारक. प्रश्न विचारण्याच्या कौशल्यात सुधारणेस वाव.’ हे कोणत्याही वर्षीच्या कोणत्याही मुलीला लागू पडलं असतं. ते वाचून त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गात नेमकं काय वेगळं करायचं होतं? प्रश्न कमी विचारायचे, जास्त विचारायचे, की वेगळ्या मुलांना विचारायचे? तिने मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता मी पाठ बघायला मागच्या बाकावर बसते तेव्हा माझ्याकडे दोन कागद असतात. एकावर डावीकडे मिनिटं लिहिलेली असतात आणि उजवीकडे त्या मिनिटाला काय घडलं ते. मत लिहायचं नाही, फक्त घडलं ते. दुसऱ्या कागदावर वर्गाचा नकाशा असतो, बाकांची चौकोनं काढलेला. एखाद्या मुलाने एकट्याने उत्तर दिलं की त्याच्या चौकोनात खूण करायची. तास संपल्यावर नकाशा न बोलता बरंच सांगतो.

या वर्षीच्या एका पाठाचं उदाहरण देते. सहावीचा वर्ग, पट ४२, तीन रांगांत सात-सात बाक. घटक दशांश अपूर्णांकांचा. तिचं पाठ टाचण नीटनेटकं होतं, फळ्यावरचं अक्षर सुरेख, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. दशांश, शतांश, सहस्रांश यांच्या स्थानांचा तक्ता तिने घरून करून आणला होता. बाराव्या मिनिटाला तिने फळ्यावर ०.७ आणि ०.३५ लिहिलं आणि विचारलं, “यातली मोठी संख्या कोणती?” अर्धा वर्ग एका सुरात ओरडला, “शून्य पूर्णांक पस्तीस!” ती म्हणाली, “नाही, नीट बघा बरं.” लगेच सगळा वर्ग ओरडला, “शून्य पूर्णांक सात!” ती म्हणाली, “शाब्बास,” आणि पुढच्या उदाहरणाकडे वळली.

हे सगळं पंधरा सेकंदांत झालं. वरवर बघणाऱ्याला वाटलं असतं, चूक झाली आणि दुरुस्तही झाली. पण दोनच पर्याय होते. पहिला चुकीचा म्हटल्यावर दुसरा बरोबर असणारच, हे मुलांना दशांश न समजताही कळतं.

दुसऱ्या दिवशी तिने गृहपाठाच्या वह्या तपासल्या. हे ती रोज मनापासून करते आणि अहवालात मी ते पहिल्यांदा लिहिलं. ०.४, ०.१२५ आणि ०.३० या संख्या चढत्या क्रमाने लावायच्या होत्या. १५ मुलांनी ०.४, ०.३०, ०.१२५ असा क्रम लावला होता. ही मुलं दशांशचिन्हाच्या उजवीकडे ४, ३० आणि १२५ अशा पूर्ण संख्याच वाचत होती. आपली भाषाही त्यांना तिकडेच ढकलते. आपण ‘शून्य पूर्णांक पस्तीस’ म्हणतो, तेव्हा कानावर पस्तीस पडतं आणि पस्तीस साताहून मोठेच असतात. ‘पस्तीस शतांश’ आणि ‘सात दशांश, म्हणजेच सत्तर शतांश’ असं वाचलं तर तुलना कानालाच पटते.

पण उरलेल्यांचं काय? तिला वाटलं, त्यांना समजलं आहे. मी तिला दुसऱ्या दिवशी वर्गात एकच जोडी द्यायला सांगितली : ०.४ आणि ०.६२. गृहपाठ बरोबर आलेल्यांपैकी पाच मुलांनी ०.४ मोठी म्हटली. एका मुलीला कारण विचारलं तर ती म्हणाली, “शतांश लहान असतात ना, म्हणून ज्यात शतांश आहेत ती संख्या लहान.” तिने शिकवलेलं नीट ऐकलं होतं आणि त्यावरून चुकीचा नियम बांधला होता. गृहपाठातल्या तिन्ही संख्यांत जिला अंक कमी तीच मोठी होती, म्हणून या पाच मुलांची चूक तिथे बरोबर उत्तराआड लपली. तुलनेचं उदाहरण निवडताना दोन्ही प्रकारच्या जोड्या घ्याव्या लागतात. एकीत जास्त अंकांची संख्या लहान हवी, दुसरीत मोठी. हे मला स्वतःला नोकरीच्या बऱ्याच वर्षांनी कळलं, म्हणून तिला आठव्या आठवड्यात कळलं याचं मला समाधान आहे.

नकाशा काय म्हणत होता? त्या तासात तिने २६ प्रश्न विचारले. २१ साऱ्या वर्गाला एकदम, पाच नाव घेऊन. ती पाचही मुलं पुढच्या दोन बाकांवरची. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये ती सेकंदभरही थांबत नव्हती. यात ती एकटी नाही. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना दिसलं. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून गप्प राहिलं की ते केवढे मोठे आहेत ते समजतं.

अहवाल लिहिण्याआधी मी तिला तिचं स्वतःचं मत लिहून आणायला सांगितलं. वर्गात मुलांसमोर मी तिला ‘तुम्ही’ म्हणते, शिक्षकखोलीत ‘तू’. तिने लिहिलं होतं, ‘माझं वर्गनियंत्रण कमकुवत आहे.’ मी नकाशा आणि मिनिटांचा कागद तिच्यापुढे ठेवला. गडबड कधी झाली ते दोघींनी मिळून शोधलं. दोन्ही वेळा ती फळ्याकडे तोंड करून लांबलचक लिहीत होती आणि मुलांच्या हाताला काम नव्हतं. ती म्हणाली, “मॅडम, मला वाटायचं मी कडक नाही म्हणून मुलं बोलतात.” आवाज चढवण्याचं लक्ष्य मी तिला दिलं असतं तर ते चुकीचं ठरलं असतं.

मग अहवालाचा मजकूर असा झाला : ‘आशयाची पकड पक्की आहे. पाहिलेल्या सहाही पाठांत फळ्यावर एकही चूक नव्हती. वह्या त्याच आठवड्यात तपासून परत दिल्या जातात आणि चुकांचे गट केले जातात. मात्र वर्गात चुकीचे उत्तर आले की ते का आले हे विचारले जात नाही, त्यामुळे वहीत दिसणारी चूक वर्गात आधी सापडत नाही.’ ‘मात्र’ आधीची वाक्यं मी गोड बोलण्यासाठी लिहिली नाहीत. चुकांचे गट करण्याची सवय तिला आहे, म्हणूनच तेच काम एक दिवस आधी, तोंडी, वर्गात करायला मी सांगू शकते. तिचं बळ आणि तिची उणीव एकाच धाग्याची दोन टोकं होती. समतोल मला यात दिसतो, दोन गुणांमागे एक दोष लिहिण्यात नाही.

उरलेल्या आठ आठवड्यांसाठी लक्ष्यं तीनच. जास्त दिली की एकही पूर्ण होत नाही. पहिलं : प्रत्येक तासात किमान दहा मुलांनी एकट्याने उत्तर द्यावं, त्यांतली चार तरी प्रत्येक रांगेच्या शेवटच्या दोन बाकांवरची असावीत. आधी प्रश्न, मग मनात तीन मोजायचे, मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की बाकीचे एकेचाळीस जण निश्चिंत होतात. अकराव्या आठवड्यात नकाशावर मोजू. दुसरं : पाठ टाचणात ‘अपेक्षित चूक’ अशी एक ओळ लिहायची आणि चुकीचं उत्तर आलं की तेही फळ्यावर लिहून “कसं काढलंस?” असं विचारायचं. तिसरं : आठवड्यातून दोनदा तास संपण्याआधी पाच मिनिटं थांबून दोन उदाहरणांची चिठ्ठी लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात त्या चिठ्ठ्यांवरून करायची.

माझ्या छापील नमुन्यात एक रकाना नव्हता, तो मी हाताने जोडला : शाळा काय करणार. गेल्या आठ आठवड्यांत तिला एखादा शिक्षक गैरहजर असला की सर्रास बदली तास दिले गेले. एका दिवशी तीन. न ठरवलेल्या तासाला मुलं गोंधळ घालतात आणि तो गोंधळ तिच्या खात्यावर जमा होतो. मी स्वतः ते दोनदा होऊ दिलं. रकान्यात मी लिहिलं : ‘आठवड्याला एकापेक्षा जास्त बदली तास नाही. दर बुधवारी पाऊण तास चर्चा. एक तास मार्गदर्शक शिकवतील आणि छात्राध्यापिका नकाशावर खुणा करील.’ मुख्याध्यापकांनी त्याखाली सही केली.

तो तास मी घेतला. माझ्या नकाशावर तिने नऊ खुणा केल्या, शेवटच्या बाकांवर दोनच.

अकराव्या आठवड्यात तिच्या नकाशावर तेरा खुणा होत्या आणि त्यांतल्या पाच शेवटच्या बाकांवरच्या होत्या. दुसरं लक्ष्य पाहिलेल्या तीन पाठांपैकी दोनांत पुरं झालं. तिसऱ्यापुढे मी ‘अपूर्ण’ लिहिलं, कारण तिने चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशीची सुरुवात ठरलेल्या टाचणानेच केली होती. तेव्हा पाच आठवडे शिल्लक होते.