भाव उतरला आणि खप घटला

भाव उतरला की खप वाढतो, हा अर्थशास्त्राच्या पुस्तकातील अगदी आरंभीचा पाठ होय. आणि पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या गृहिणीस तो कोणी शिकवावा लागत नाही. तथापि भाव उतरतो तेव्हा घरात एक नव्हे, दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. त्या वेगळ्या करून पाहिल्यावाचून या नियमाचा अपवाद उलगडत नाही.

समजा, तूरडाळ स्वस्त झाली आणि मूगडाळ होती त्याच भावाला राहिली. मुगाच्या मानाने तूर परवडू लागते. म्हणून मुगाचे वरण आठवड्यातून दोनदा होत असेल तर ते एकदाच होऊ लागते. हा पर्यायता परिणाम. शिवाय नेहमीइतकी डाळ घेऊनही चार पैसे शिल्लक उरतात, म्हणजे पगार न वाढताही ऐपत वाढते. त्या वाढीव ऐपतीमुळे खरेदीत जो फरक पडतो, तो उत्पन्न परिणाम. पहिला परिणाम स्वस्त झालेल्या वस्तूपासून कधीच दूर नेत नाही; दुसऱ्याची दिशा मात्र वस्तूगणिक बदलते. ऐपत वाढली की तूप आणि फळे अधिक येतात, पण जाडाभरडा तांदूळ कमी येतो. अशा वस्तूंना अर्थशास्त्रात कनिष्ठ वस्तू म्हणतात.

आता एका कल्पित कुटुंबाचा हिशेब मांडू. त्यास महिन्याला ६० किलो धान्य लागते आणि त्यासाठी १,८०० रुपये आहेत. जाडा तांदूळ २० रुपये किलो, बारीक ५० रुपये. पोट भरून उरलेल्या पैशात बारीक तांदूळ, असा घरचा शिरस्ता. तेव्हा ४० किलो जाडा आणि २० किलो बारीक घेतला की पैसे नेमके संपतात. पुढे जाड्या तांदळाचा भाव १० रुपयांवर आला. पूर्वीचीच खरेदी आता १,४०० रुपयांत होते. ४०० रुपये वाचतात. एक किलो जाड्याच्या जागी बारीक घ्यावयाचा तर ४० रुपये अधिक पडतात. म्हणजे वाचलेल्या पैशात १० किलो धान्य बदलता येते. कुटुंब आता ३० किलो जाडा आणि ३० किलो बारीक घेते. भाव निम्मा झाला आणि खप ४० वरून ३० किलोवर आला!

येथे कोणी ते ४०० रुपये काढून घेतले असते, तर पोट भरण्यासाठी पुन्हा ४० किलो जाडाच घ्यावा लागला असता. म्हणजे १० किलोंची सारी घट उत्पन्न परिणामाची. हाच हिशेब उलटा केला, तर भाव वाढताच जाड्याचा खप वाढेल. मात्र त्यासाठी वस्तू कनिष्ठ हवी, खर्चाचा मोठा वाटा तिच्यावर पडायला हवा आणि तिच्याहून स्वस्त पोटभरीचे दुसरे काही नसावे. मिठाच्या बाबतीत असे होत नाही, कारण मिठावर वाचणाऱ्या पैशाने ऐपतीत फरकच पडत नाही. महाग म्हणूनच मिरवण्यासाठी घेतली जाणारी वस्तूही यात बसत नाही. तेथे कारण प्रतिष्ठेचे असते, पोटाचे नव्हे.

या अपवादास सर रॉबर्ट गिफेन यांचे नाव मिळाले, कारण आल्फ्रेड मार्शल यांनी १८९५ साली आपल्या ग्रंथात इंग्लंडमधील गरिबांच्या पावाबाबत हे निरीक्षण त्यांच्या नावे नोंदविले. पुढे पाठ्यपुस्तकांतून आयर्लंडच्या १८४५ नंतरच्या दुष्काळातील बटाट्याचे उदाहरण रूढ झाले. पण ते टिकत नाही. पीकच बुडाले होते. नसलेला बटाटा लोक अधिक खाणार कोठून? शिवाय बटाटा पिकविणाऱ्याचे उत्पन्नही त्याबरोबरच बुडाले. केवळ भाव आणि खप शेजारी मांडून हा अपवाद सिद्ध होत नाही, तो याचमुळे.

खरी कसोटी रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनमध्ये घेतली आणि तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. हुनान प्रांतातील गरीब शहरी कुटुंबांना त्यांनी पाच महिने भातासाठी सवलतीची कुपने दिली. दर अर्ध्या किलोमागे ०.१०, ०.२० वा ०.३० युआनांची सूट. काही कुटुंबांना तुलनेसाठी कुपने दिली नाहीत. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ही विभागणी केल्यामुळे भावातील फरक पिकाशी किंवा मिळकतीशी जोडलेला नव्हता. तांदूळ स्वस्त मिळालेल्यांनी तो कमी खाल्ला. सवलत संपताच तो पुन्हा वाढला. गान्सू प्रांतात गव्हाच्या बाबतीत मात्र पुरावा दुबळा निघाला. अत्यंत दरिद्री कुटुंबांतही हे आढळले नाही; ज्यांचे ताट जवळजवळ सारे भाताचेच, ते स्वस्ताईत आधी भातच वाढवितात.

याच लेखकांना पुढे असेही दिसले, की अशा सवलतीमुळे पोषण सुधारल्याचा पुरावा मिळत नाही; वाचलेला पैसा पोषणाकडे जाण्याऐवजी चवीकडे वळू शकतो. त्यामुळे स्वस्त धान्याच्या योजनेत किती किलो उचलले गेले, एवढ्यावरून तिचे फळ जोखता येणार नाही. उचल घटली, तर धान्य नकोसे झाले असे न समजता त्या घरच्या ताटात त्याच्या जागी काय आले, ते पाहावे लागेल.