जोडलेल्या मिठीचा पुरावा

वडील हयात नाहीत. त्यांचा एकट्याचा उभा फोटो तेवढा आहे. मुलीचा लग्नातला फोटो वेगळा. वडिलांनी तिच्या खांद्याभोवती हात टाकून तिला जवळ घेतले आहे, असे एकच चित्र हवे असते. फोटो स्टुडिओवाल्यांना ही मागणी नवी नाही. दोन्ही आकृत्या काटेकोर कापल्या, रंग जुळवले, उंची जमवली की काम झाले, अशी समजूत असते. तरीही चित्र ‘चिकटवलेले’ दिसते. दोष बहुधा कापलेल्या कडांचा नसतो. मिठीत प्रत्येक शरीर दुसऱ्यामुळे थोडे बदलते आणि हा बदल दोन्ही अंगांवर नोंदलेला दिसला नाही, तर डोळा ती जवळीक मान्य करत नाही.

आधी हाताचाच हिशेब पाहू. वडील चित्रात डावीकडे आणि मुलगी उजवीकडे असेल, तर वडिलांचा डावा हात तिच्या पाठीमागून जाऊन पलीकडच्या दंडावर यायला हवा. प्रौढ माणसाच्या खांद्यापासून मनगटापर्यंतचे अंतर ढोबळमानाने 55 सेंमी असते आणि त्यातले पुष्कळसे मुलीच्या पाठीच्या रुंदीतच खर्च होते. दोघांमध्ये वीतभर फट राहिली, तर बोटे पलीकडे जेमतेम पोचतील. तशी फट ठेवून पूर्ण पंजा दाखवला की हात लांबट वाटतो. म्हणून वडिलांचा खांदा मुलीच्या खांद्यामागे काही सेंमी सरकवावाच लागतो. इथे थरांचा क्रमही गुंतागुंतीचा होतो. वडिलांचे धड आणि दंड तिच्या मागे, पण त्याच हाताची बोटे तिच्या पुढे. म्हणजे वडिलांची आकृती एकसंध ठेवून चालत नाही. बोटांचा तुकडा वेगळा करून सर्वांत वरच्या थरात ठेवावा लागतो.

खरी अडचण खांद्याची. वडिलांच्या मूळ फोटोत हात सरळ खाली असतात. हात बाजूला उचलताना फक्त दंडाचे हाड हलत नाही, पाठीवरचे खवाट्याचे हाडही फिरते. सुरुवातीचा काही भाग सोडला, तर सांध्यातल्या सुमारे दोन अंशांमागे खवाट्याचा एक अंश, असे ते ढोबळ प्रमाण आहे. त्यामुळे खांदा वर येतो, मानेजवळचा उतार बदलतो, शर्ट काखेतून ताणला जाऊन चुण्या तिथून पसरतात. सरळ खांद्याला नुसता उचललेला हात जोडला, तर तो टाचणीने अडकवल्यासारखा दिसतो. अशा वेळी त्याच बांध्याच्या माणसाला तसाच शर्ट घालून, त्याच दिशेच्या प्रकाशात, दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर खरोखर हात ठेवायला लावून त्याचा फोटो घेणे आणि खांद्यापासून पुढचा सगळा भाग तिथून आणणे, हा मला सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

मग दाबाची खूण. बोटे दंडावर टेकली की त्यांच्याभोवतीचे कापड किंचित आत जाते, दोन बोटांमध्ये थोडे वर येते. स्पर्शाच्या रेषेवर अगदी अरुंद, गडद सावली पडते, कारण त्या फटीत चहूबाजूंचा प्रकाश शिरत नाही. लांब जावे तशी ती फिकी आणि रुंद होते. सगळीकडे सारखी मऊ सावली दिली, तर हात खांद्यावर टाकलेल्या टॉवेलसारखा निर्जीव दिसतो, किंवा तरंगतो. लाल शालूजवळच्या पांढऱ्या शर्टावर लालसर झाकही यायला हवी.

कुणी म्हणेल, बघणारा चेहऱ्यांकडे पाहतो, चुण्या कोण मोजतो? चुण्या कुणी मोजत नाही हे खरे. पण काय चुकले ते सांगता येत नसतानाही काहीतरी चुकले आहे हे जाणवते. संगणकाचा अनुभवही सूचक आहे. मिहाई फिएरारू आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये, एकमेकांना स्पर्श करणाऱ्या माणसांच्या फोटोंवरून त्यांचे त्रिमितीय देह उभे करताना, कोणता भाग कोणत्या भागाला टेकला आहे याची माहिती वेगळी वापरली. प्रत्येक देह स्वतंत्रपणे उभा केला, तर दोघे एकमेकांत घुसतात किंवा अधांतरी दूर राहतात. स्पर्श कुठे आहे, हे आधी ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप ताजा आहे: आता एआय हे काही क्षणांत करते. करते, आणि खांद्याचा उतार, चुण्या, सावल्या पुष्कळदा चांगल्या जमवते. पण त्यासाठी ते चित्र नव्याने रंगवते. कधी बोटे एकमेकांत मिसळतात, हात कुणाचा ते कळेनासे होते, आणि त्याहून वाईट म्हणजे चेहराही थोडा बदलू शकतो. ज्या चेहऱ्यासाठी हा खटाटोप, तोच परका झाला तर उपयोग काय? म्हणून मूळ चेहऱ्याचा थर वर पुन्हा ठेवून फरक तपासणे आवश्यक आहे.

वडिलांचा फोटो अगदी जवळून घेतलेला आणि मुलीचा दुरून, असे असेल तर मात्र यातले काहीच फारसे कामी येत नाही. जवळच्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, ते लहानमोठे करून बदलत नाही. अशा वेळी मिठीचा हट्ट सोडून दोघांना शेजारी, खांद्याला खांदा न लावता उभे करणे अधिक बरे.