प्रबंधाचं पहिलं प्रकरण उलटं लिहावं

‘मानवी जीवनात पाण्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ पाण्यावरच्या मराठी प्रबंधात अशा थाटाचं पहिलं वाक्य हमखास भेटतं. प्रबंध शिक्षणावर असेल तर पाण्याच्या जागी शिक्षण येतं, शेतीवर असेल तर शेती. वाक्यात चूक काहीच नसते. पण त्यानंतरची चार-पाच पानंही तशीच निघतात आणि परीक्षक ती चाळत एकच गोष्ट शोधत राहतो: या विद्यार्थ्याला नेमकं विचारायचं काय आहे?

संशोधनाच्या प्रस्तावना कशा रचल्या जातात, याचा सविस्तर अभ्यास जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने केला. १९९० मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात तीन पावलं सांगितली आहेत. आधी विषयाचं क्षेत्र दाखवायचं, मग त्या क्षेत्रात मोकळी राहिलेली जागा दाखवायची आणि शेवटी आपण ती जागा कशी भरणार हे सांगायचं. आपल्याकडच्या प्रबंधात याचीच पार्श्वभूमी, संशोधनातील उणीव, उद्देश आणि प्रकरणयोजना अशी चार अंगं होतात. वाचणाऱ्याने मोठ्याकडून लहानाकडे जावं, हे खरंच. लिहिणाऱ्याने मात्र लहानाकडून सुरुवात केलेली बरी, कारण उणीव ठरल्याशिवाय पार्श्वभूमीत काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे कळत नाही.

एक विषय घेऊन पाहू. नाशिक जिल्ह्यातला सिन्नर तालुका पर्जन्यछायेत येतो. शेततळं मुळात वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवण्यासाठी असतं. पण राज्यात अनेक ठिकाणी तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घालून त्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून साठवलं जातं आणि उन्हाळ्यात फळबागेला दिलं जातं. जमिनीखालचं पाणी शिवारात सगळ्यांचं असतं. ते वर आणून साठवलं की एकाचं होतं आणि त्यातलं काही उन्हाने उडूनही जातं. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने सिन्नरमधल्या अशा शेततळ्यांवर प्रबंध घेतला आहे.

तिने आधी उणिवेचा परिच्छेद लिहावा. इथे बहुतेकांची गाडी ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ या वाक्यावर अडते. ते धोक्याचं आहे. भारतातले प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात कुणालाही पाहता येतात. परीक्षकाने तिथे शोध घेतला आणि दोन प्रबंध सापडले, की वाक्य पडलं. शिवाय, एखाद्या गोष्टीचा अभ्यास झालेला नाही एवढ्याने तो करायलाच हवा असं ठरत नाही. उणीव नेमकी सांगावी लागते: झालेल्या कामाने काय पाहिलं, काय सुटलं आणि जे सुटलं त्याने काय बिघडतं.

उदाहरणापुरतं धरू की वाचनातून तिला चित्र असं दिसलं: ‘उपलब्ध अभ्यासांचा भर शेततळेधारकाच्या उत्पन्नावर आहे. मात्र त्याच शिवारातील शेततळे नसलेल्या शेतकऱ्यांच्या विहिरींचे मोजमाप त्यांत आढळत नाही. त्यामुळे शेततळ्यांचा लाभ मोजताना शेजाऱ्यांचे संभाव्य नुकसान हिशेबाबाहेर राहते.’ तीन वाक्यांत काम झालं. यातल्या ‘मात्र’च्या आधी प्रत्यक्ष वाचलेल्या अभ्यासांचे संदर्भ हवेत आणि ‘त्यामुळे’च्या पुढचा परिणाम खरा हवा. ‘त्यामुळे’नंतर लिहायला काही सुचत नसेल, तर उणीव अजून सापडलेली नाही असं समजावं.

आता पार्श्वभूमी लिहिता येते. वाचकाला या तीन वाक्यांपर्यंत आणायला जेवढं लागतं तेवढंच तिच्यात यावं. पहिल्या परिच्छेदात सिन्नरचा पाऊस आणि कठीण काळा खडक. या खडकात पाणी मुख्यत्वे वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं, म्हणून एका विहिरीच्या उपशाचा परिणाम दुसरीवर होऊ शकतो. दुसऱ्यात २०१६ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणि पाऊस अडवण्याचा तिचा हेतू. तिसऱ्यात अस्तराची तळी आणि विहिरीच्या पाण्याने ती भरण्याची पद्धत. की लगेच उणीव. १९७२चा दुष्काळ, जायकवाडी, पाण्याचं जागतिक संकट हे सगळं खरं आहे, पण या वाटेवर त्यांचं काम नाही. एखादा परिच्छेद काढून टाकल्यावरही उणीव तितकीच नीट कळत असेल, तर तो परिच्छेद जादा आहे.

उणिवेतून उद्देश निघतो आणि इथे हात आखडावा लागतो. ‘शेततळ्यांचा भूजलावरील परिणाम सिद्ध करणे’ असं तिने लिहिलं तर ती अडकेल. विहिरीची पातळी त्या वर्षीच्या पावसानेही बदलते आणि जवळच्या नव्या बोअरनेही. एका हंगामाच्या मोजणीतून ही कारणं वेगळी काढता येत नाहीत. म्हणून उद्देश असा: ‘विहिरीच्या पाण्याने भरली जाणारी शेततळी आणि शेजारच्या विहिरींची पाणीपातळी यांतील संबंध निवडक गावांत तपासणे.’ त्याखाली तीन उद्दिष्टं पुरतात: निवडलेल्या गावांतली शेततळी कशाने भरली जातात याची नोंद करणे, ऑक्टोबर ते मे या काळात शेततळ्यांजवळच्या आणि लांबच्या विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजून तुलना करणे, शेततळं नसलेल्या शेतकऱ्यांनी पिकं बदलली का, हे मुलाखतींतून समजून घेणे. नोंद, तुलना, मुलाखत ही कामं झाली की नाही ते दाखवता येतं. ‘शेततळ्यांचा अभ्यास करणे’ हे उद्दिष्ट मात्र कधी पुरं झालं, हे कुणालाच सांगता येणार नाही. एकाच हंगामाच्या मोजणीची मर्यादाही इथेच सांगून टाकावी. मौखिक परीक्षेत तो प्रश्न विचारला जाणारच असतो.

राहिली प्रकरणयोजना. ‘दुसऱ्या प्रकरणात संशोधन साहित्याचा आढावा घेतला आहे’ या वाक्यातून अनुक्रमणिकेपेक्षा जास्त काही कळत नाही. त्याऐवजी ‘दुसऱ्या प्रकरणात शेततळ्यांवरील अभ्यास तपासून शेजारच्या विहिरींचा प्रश्न कुठे दुर्लक्षित राहिला ते दाखवले आहे’ असं लिहिलं, की प्रकरण उणिवेशी जोडलं जातं. प्रत्येक प्रकरणासमोर ते कोणतं उद्दिष्ट पुरं करतं, हे पेन्सिलीने लिहून पाहावं. आपल्या प्रबंधांत ‘तालुक्याची ओळख’ हे प्रकरण ठरलेलं असतं. त्यात खडक, पाऊस आणि पीकपद्धती राहू द्यावी; गोंदेश्वराचं मंदिर कितीही देखणं असलं तरी विहिरींच्या प्रबंधात त्याला जागा नाही.

ही प्रस्तावना दोनदा लिहावी लागते. आराखड्याच्या वेळचा मसुदा म्हणजे बेत असतो. पुढे एखाद्या गावात विहीरमालक मोजणीला नकार देतात, मुलाखतींतून नवाच मुद्दा निघतो आणि तिसरं उद्दिष्ट बदलतं. तरीही पहिलं प्रकरण जुनंच छापलं जातं, ही गफलत वारंवार दिसते. ती पकडायला सोपी आहे: शेवटच्या प्रकरणातले निष्कर्ष आणि पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टं शेजारीशेजारी ठेवून वाचायची. उत्तराविना राहिलेलं उद्दिष्ट किंवा उद्दिष्टाविना आलेला निष्कर्ष लगेच नजरेत भरतो. बांधणीला देण्याआधी पहिलं प्रकरण दुरुस्त करायचं, ते यावरून.